गोदामातली साखर आणि चौदा दिवसांचे देणे

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याची खरी स्थिती पाहायची तर ३१ मार्च हा दिवस फार विचित्र आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटलेले बॉयलर तोवर थंड झालेले असतात किंवा होत आलेले असतात. ऊस संपलेला असतो. वर्षभर विकायची साखर चार-पाच महिन्यांतच तयार होऊन पोत्यांच्या थप्प्यांत गोदामात उभी असते. आणि नेमक्या याच दिवशी हिशेबाचे वर्ष संपते, ताळेबंद तयार होतो. त्या कागदावर कारखाना वर्षातला सर्वांत श्रीमंत दिसतो आणि त्याच कागदावर तो सर्वांत कर्जबाजारीही दिसतो. अशा कारखान्याजवळ येत्या काही महिन्यांची देणी भागवण्याची ताकद आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

त्यासाठी दोन जुनी, सोपी मापे आहेत. एक करंट रेशो, दुसरे क्विक रेशो. दोन्हींना भागाकाराच्या पलीकडचे गणित लागत नाही. शेअर बाजाराच्या कुठल्याही पुस्तकात ती पहिल्या काही पानांत भेटतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यासोबत एक ठोकताळाही भेटतो: करंट रेशो दोन हवा, क्विक रेशो एक हवा. हा ठोकताळा साखर कारखान्याला लावला तर जवळजवळ सगळेच कारखाने नापास होतील, आणि त्यातले काही बिचारे अगदी धडधाकट असतील. म्हणून ही मापे वापरायला शिकण्यासाठी साखर कारखान्याइतका चांगला धडा नाही.

आधी व्याख्या. एका वर्षाच्या आत ज्याचे पैसे व्हायचे आहेत ती चालू मालमत्ता: विक्रीसाठीचा माल, कच्चा माल, ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम, बँकेतली शिल्लक, दिलेल्या उचली. एका वर्षाच्या आत जे फेडायचे आहे ते चालू देणे: पुरवठादारांची बिले, बँकेचे खेळत्या भांडवलाचे कर्ज, पगार, कर, आणि दीर्घ मुदतीच्या कर्जाचे येत्या बारा महिन्यांत भरायचे हप्ते. हा शेवटचा भाग अनेकजण विसरतात. यंत्रसामग्रीचे कर्ज सात वर्षांचे असले तरी पुढच्या वर्षाचा हप्ता हे चालू देणेच आहे. चालू मालमत्तेला चालू देण्याने भागले की करंट रेशो मिळतो. त्याच मालमत्तेतून मालाचा साठा आणि आगाऊ भरलेले खर्च वगळून भागले की क्विक रेशो. साठा वगळण्यामागचे कारण सरळ आहे. माल आधी विकावा लागतो, मग त्याचे पैसे यावे लागतात, आणि देणेकरी दारात उभा असताना विकायला काढलेल्या मालाला भाव मिळत नाही.

आता एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. तो काल्पनिक आहे, पण त्यातले एकही खाते अनोळखी नाही. ३१ मार्च रोजी त्याच्या गोदामात चार लाख क्विंटल साखर आहे. क्विंटलला ३,५०० रुपये धरले तर तिची किंमत १४० कोटी. मळी, बगॅस आणि सुटे भाग मिळून १५ कोटी. महावितरणला विकलेल्या विजेचे, तेल कंपन्यांना दिलेल्या इथेनॉलचे आणि साखर व्यापाऱ्यांकडचे येणे २५ कोटी. ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या ठेकेदारांना दिलेल्या उचली आणि इतर अॅडव्हान्स २० कोटी. बँकेत शिल्लक १० कोटी. एकूण चालू मालमत्ता २१० कोटी.

दुसऱ्या बाजूला, साखर तारण ठेवून बँकेकडून उचललेले कर्ज ११९ कोटी. शेतकऱ्यांची थकीत ऊसबिले ३२ कोटी. रसायने, बारदान, सुटे भाग यांच्या पुरवठादारांची बिले १२ कोटी. मुदत कर्जाचा वर्षभरातला हप्ता १२ कोटी. पगार, कर आणि किरकोळ ५ कोटी. एकूण चालू देणी १८० कोटी.

२१० भागिले १८०. करंट रेशो १.१७.

चांगला की वाईट? पुस्तकातल्या दोनच्या मापाने भिकार. पण आपल्याकडच्या बँकांनी दोनचा आग्रह फार पूर्वीच सोडला. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये टंडन समिती नेमली आणि तिने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालात खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे गणित घालून दिले. त्यातल्या दुसऱ्या पद्धतीनुसार कर्जदाराने चालू मालमत्तेचा किमान पाव हिस्सा स्वतःच्या किंवा दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा. म्हणजे चार रुपयांच्या चालू मालमत्तेमागे चालू देणी तीनच रुपयांची असावीत. चार भागिले तीन, १.३३. बँकेच्या कर्जविभागात आजही हा आकडा ऐकू येतो तो तिथून आला आहे.

साखरेचे गणित मात्र यातही बसत नाही. तारण साखरेवर बँक जर किमतीच्या ८५ टक्के कर्ज देत असेल, तर शंभर रुपयांच्या साखरेमागे ८५ रुपयांचे देणे आपोआप तयार होते. शंभर भागिले पंच्याऐंशी म्हणजे सुमारे १.१८. ज्या कारखान्याच्या चालू मालमत्तेचा मोठा भाग तारण साखरच आहे, त्याचा करंट रेशो या १.१८ च्या आसपास घुटमळणारच. तो आकडा कारखान्याच्या तब्येतीपेक्षा बँकेच्या मार्जिनबद्दलच जास्त सांगतो. आपल्या कारखान्याचे १.१७ पाहून कोणी त्याची पाठ थोपटायला नको आणि नाकही मुरडायला नको.

म्हणून क्विक रेशोकडे वळू. २१० कोटींतून साखरेचे १४० आणि मळी-बगॅस-सुट्या भागांचे १५ काढले की ५५ कोटी उरतात. ५५ भागिले १८०, म्हणजे ०.३१.

पण त्या ५५ कोटींत अजून २० कोटींच्या उचली आहेत, आणि त्या खात्याशी जरा थांबायला हवे. हंगामाआधी तोडणी मुकादम आणि वाहतूकदारांना कारखाना मोठ्या रकमा आगाऊ देतो. मुकादम त्या पैशातून टोळ्या बांधतो. उचल वसूल होते ती पुढे त्यांनी केलेल्या तोडणीच्या आणि वाहतुकीच्या बिलांतून. म्हणजे हे येणे बहुतांशी रोख येतच नाही, ते कामाच्या रूपात येते. आणि ३१ मार्चला, हंगाम संपताना, एखाद्याकडे उचल शिल्लक दिसत असेल तर तिचा अर्थ बहुधा असा, की काम पुरे झाले नाही, टोळी आली नाही किंवा मधेच निघून गेली. काही रकमा पुढच्या हंगामात फिटतात, काही कोर्टात जातात, काही वर्षानुवर्षे त्याच खात्यात बसून राहतात. ताळेबंदात मात्र त्या चालू मालमत्ता म्हणून ताठ उभ्या असतात. मी तरी क्विक रेशो काढताना त्या बाजूला ठेवतो. मग उरतात ३५ कोटी. ३५ भागिले १८० म्हणजे ०.१९. देण्याच्या प्रत्येक रुपयामागे एकोणीस पैसे.

हा आकडा पाहून कारखाना बुडाला असे म्हणायचे का? इथे क्विक रेशोही फसवतो, फक्त उलट्या दिशेने. त्याने वरच्या रकमेतून साखर काढली, पण खालच्या रकमेत साखरेवरचे ११९ कोटींचे कर्ज तसेच ठेवले. ते कर्ज तर साखर विकूनच फिटणार आहे. तारण साखरेचे गोदाम बँकेच्या ताब्यात असते. कुलूप तिचे असते, माणूस तिचा असतो. साखर बाहेर पडायची तर आधी तेवढ्या पोत्यांवरचे कर्ज बँकेत भरावे लागते. साखर आणि तिच्यावरचे कर्ज ही एकमेकांना बांधलेली जोडी आहे. एकीला काढून दुसरीला ठेवणे हा अन्याय आहे.

मग जोडी एकत्रच बाजूला काढू. १४० कोटींची साखर आणि ११९ कोटींचे कर्ज, दोन्ही गेले. राहिलेली चालू देणी ६१ कोटी: ऊसबिले, पुरवठादार, हप्ता, पगार. त्यांच्यासमोर तरल मालमत्ता ३५ कोटी. ३५ भागिले ६१ म्हणजे ०.५७. हे कुठल्या पुस्तकातले प्रमाणित माप नाही. पण तारणावर चालणाऱ्या धंद्यासाठी मला तेच सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याचा अर्थ असा, की बँकेच्या कुलपाबाहेरची देणी भागवायला कारखान्याकडे निम्म्याहून थोडे जास्त पैसे आहेत, उरलेले साखरेतून सुटणाऱ्या फरकातून यायचे आहेत. तो फरक १४० वजा ११९, म्हणजे २१ कोटी. तो धरला तरी ५६ कोटी होतात, आणि देणी ६१ कोटी आहेत. पाच कोटींचे खिंडार आहे. ते मळी आणि बगॅस विकून किंवा रुतलेल्या उचली सुटल्या तरच बुजेल.

आणि हा फरक सुटतो तरी किती वेगाने? कारखान्याला आज वाटले म्हणून उद्या चार लाख क्विंटल साखर विकता येत नाही. जून २०१८ पासून केंद्र सरकार कारखान्यांना दरमहा किती साखर विकायची याचा कोटा ठरवून देते. आपल्या कारखान्याला महिन्याला ५० हजार क्विंटलचा कोटा मिळतो असे धरू. म्हणजे गोदाम रिकामे व्हायला आठ महिने. एक क्विंटल साखर ३,५०० रुपयांना गेली, त्यातले ८५ टक्के म्हणजे २,९७५ रुपये बँकेने तारण कर्जापोटी घेतले, उरले ५२५. त्यातूनही बँका अनेकदा जुन्या मुदत कर्जाच्या वसुलीसाठी क्विंटलमागे ठरावीक रक्कम कापून घेतात. सहकारी क्षेत्रात याला टॅगिंग म्हणतात. ते २५० रुपये धरले तर कारखान्याच्या हातात पडतात २७५ रुपये. ५० हजार क्विंटलांचे झाले १ कोटी ३७ लाख. महिनाभराच्या विक्रीतून एवढेच. टॅगिंगमध्ये गेलेले सव्वा कोटी वाया जात नाहीत, त्यांनी मुदत कर्जाचा हप्ता कमी होतो. पण ऊस उत्पादकाच्या खात्यावर जमा करायला ते पैसे उपलब्ध नसतात.

आता ३२ कोटींची ऊसबिले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. देण्याची मुदत १४ दिवस आणि साखरेची मुदत आठ महिने. करंट रेशो या दोन्ही गोष्टी 'एका वर्षाच्या आत' या एकाच पोत्यात भरतो. या मापाचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. अकराव्या महिन्यात येणारा रुपया आणि उद्या द्यायचा रुपया त्याला सारखेच दिसतात. आपल्या कारखान्याने एप्रिलमध्ये बँकेतली सगळी १० कोटींची शिल्लक, येण्यांपैकी वसूल झालेले समजा १५ कोटी आणि साखरेतून सुटलेला १ कोटी ३७ लाख असे सगळे फक्त शेतकऱ्यांनाच दिले, कामगारांना पगार दिला नाही, पुरवठादाराचा फोन उचलला नाही, तरीही साडेपाच कोटींहून जास्त बिले मे महिन्यावर ढकलावी लागतील. करंट रेशो १.१७ असलेल्या कारखान्याच्या गेटवर शेतकरी बिलासाठी का बसतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

भावाचे काय होते तेही पाहू. साखरेचा भाव ३,५०० वरून ३,२०० झाला. गोदामातल्या साखरेची किंमत १४० वरून १२८ कोटी झाली. करंट रेशो १९८ भागिले १८० म्हणजे १.१०. म्हणजे ०.०७ ने घसरला, ज्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. क्विक रेशो तर तसूभरही हलला नाही, कारण त्यात साखर धरलेलीच नव्हती. पण बँकेच्या खात्यात काय झाले? ३,२०० चे ८५ टक्के म्हणजे २,७२०. बँकेने तर क्विंटलमागे २,९७५ दिलेले आहेत. फरक २५५ रुपये, चार लाख क्विंटलांवर १० कोटी २० लाख. याला शॉर्ट मार्जिन म्हणतात. हा खड्डा भरा, नाहीतर साखर उचलू देणार नाही, असे बँक सांगते. म्हणजे बँकेतल्या शिल्लकीपेक्षाही मोठी रक्कम एका भावघसरणीने मागितली, आणि दोन्ही गुणोत्तरांना त्याची खबरही लागली नाही. केंद्राने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये ठरवला, त्याचा उपयोग कारखान्यांना एवढ्यासाठीही होता. त्यामुळे तारणाच्या मूल्यांकनाला खाली एक जमीन मिळाली.

उलट दिशेचे उदाहरण इथेनॉलचे. साखरेऐवजी उसाच्या रसापासून किंवा बी-हेवी मळीपासून इथेनॉल केले की माल गोदामात महिनोन्‌महिने पडून राहत नाही. तो तेल कंपन्यांकडे जातो आणि त्याचे पैसे साधारण तीन आठवड्यांत येतात. ताळेबंदाच्या भाषेत साठ्यातली रक्कम उडी मारून येण्यांत जाते, आणि क्विक रेशो सुधारतो. ही सुधारणा खरी असते. पण तीही सरकारच्या धोरणाला बांधलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटेल या भीतीने केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली आणि काही दिवसांतच ती मर्यादित प्रमाणात सैल केली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारल्या होत्या त्यांच्या मुदत कर्जाचे हप्ते सुरूच राहिले आणि माल पुन्हा साखर होऊन गोदामात जाऊ लागला. त्या वर्षाच्या आकड्यांची आधीच्या वर्षाशी तुलना करताना हे लक्षात ठेवावे लागते.

दुसरी एक सुधारणा मात्र कागदावरची असते. समजा आपल्या कारखान्याला ऊसबिले भागवण्यासाठी ३० कोटींचे मृदू कर्ज मिळाले, पहिले वर्ष हप्ता नाही, मग काही वर्षांत फेड. अशा योजना येतात. २०१५ मध्ये केंद्राने थकीत ऊसबिलांसाठी देशभरातल्या कारखान्यांना ६,००० कोटींचे कर्ज मंजूर केले होते, २०१९ मध्येही तशी योजना आली. कर्जाचे पैसे शेतकऱ्यांच्या खात्यात गेले. चालू देणी १८० वरून १५० कोटी झाली, कारण नवे कर्ज दीर्घ मुदतीच्या खान्यात बसले. चालू मालमत्ता २१० च आहे. करंट रेशो १.१७ वरून थेट १.४०! टंडन समितीचा १.३३ चा उंबरठाही ओलांडला. शेतकऱ्याला पैसे मिळाले ही गोष्ट चांगलीच झाली. पण कारखान्याने एक रुपया कमावलेला नाही, देणे तेवढेच आहे, फक्त त्याची तारीख पुढे गेली. दोन-तीन वर्षांनी त्याचे हप्ते 'चालू' होऊन परत येतील तेव्हा गुणोत्तर पुन्हा खाली बसेल. म्हणून करंट रेशो एकदम उसळलेला दिसला की त्याच पानावर दीर्घ मुदतीची कर्जे किती वाढली ते पाहावे. उत्तर बहुधा तिथेच सापडते.

साखर बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी, कारण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांचा संबंध इतर कंपन्यांशीही येईल. ज्या धंद्यात ग्राहक रोखीने घेतो आणि पुरवठादार महिना-दोन महिने थांबतो, उदाहरणार्थ किराणा मालाची साखळी दुकाने किंवा साबण-बिस्किटे विकणाऱ्या मोठ्या कंपन्या, तिथे करंट रेशो एकाच्या खाली असला तरी घाबरायचे कारण नसते. त्यांचा माल आठवड्यांत फिरतो, पुरवठादाराचे बिल देण्याआधी त्याच मालाचे पैसे गल्ल्यात आलेले असतात. उलट एखाद्या इंजिनीअरिंग कंपनीचा रेशो तीन असेल, आणि त्यातली अर्धी मालमत्ता सरकारी खात्याकडे दोन वर्षे अडकलेली बिले असतील, तर तो तीनचा आकडा पोकळ आहे. बँका आणि वित्त कंपन्यांना तर ही मापे लावूच नयेत, त्यांचा मालच पैसा आहे. आकड्याची तुलना करायची ती त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी, आणि त्याच कंपनीच्या मागच्या चार-पाच वर्षांशी. तारीख तीच ठेवून.

तारखेचे महत्त्व साखरेत सर्वाधिक. शेअर बाजारात नोंदलेले कारखाने ३० सप्टेंबरचीही मालमत्ता-देणी जाहीर करतात. तो ताळेबंद ३१ मार्चच्या शेजारी ठेवून वाचावा. सप्टेंबरात साखर बरीचशी विकलेली असते, तारण कर्ज उतरलेले असते, आणि पुढच्या हंगामाच्या उचली व ऑफ-सीझनमधली दुरुस्ती यांत पैसा गेलेला असतो. निरोगी कारखान्यात सप्टेंबरअखेर ऊसबिलांची थकबाकी जवळजवळ शून्य असायला हवी. साखर गेली, तारण कर्ज फिटले आणि ऊसबिले तरीही उभी असतील, तर साखरेतून सुटलेला पैसा कुठल्या तरी जुन्या खड्ड्यात गेला आहे. मार्चचे कोणतेही गुणोत्तर ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखवत नाही.

आकडे मिळवायचे कुठे? कंपनी असेल तर काम सोपे. कंपनी कायद्याच्या अनुसूची तीननुसार ताळेबंदात चालू आणि बिगर-चालू असे खाने वेगळे असतातच, आणि २०२१-२२ च्या हिशेबांपासून करंट रेशो स्वतः छापणे आणि तो मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदलला असेल तर कारण देणे बंधनकारक झाले आहे. ते कारण जरूर वाचावे. पुष्कळदा ते एका ओळीचे आणि निरुपयोगी असते, पण त्या ओळीचा निरुपयोगीपणाही काही सांगतो. क्विक रेशो त्या यादीत नाही, तो स्वतः काढावा लागतो. त्यासाठी साठ्याच्या आणि कर्जाच्या टिपा उघडाव्या लागतात. कोणता माल कोणत्या कर्जापोटी तारण आहे ते कर्जाच्या टिपेत लिहिलेले असते.

सहकारी कारखान्याच्या सभासदाचे काम जास्त कष्टाचे आहे. सहकारी संस्थांचा ताळेबंद वेगळ्या नमुन्यात असतो. त्यात भाग भांडवल, निधी, कर्जे, देणी अशी मोठी खाती एका बाजूला आणि मालमत्ता, साठा, येणी दुसऱ्या बाजूला. चालू काय आणि दीर्घ मुदतीचे काय, हे वेगळे करून दिलेले नसते. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढे खूण करावी लागते. मुदत कर्जाच्या एकूण रकमेतून वर्षभरातला हप्ता वेगळा काढावा लागतो, तो परिशिष्टात सापडतो किंवा विचारावा लागतो. 'येणे' या एकाच खात्यात महावितरणचे खरे येणे आणि दहा वर्षांपूर्वी पळालेल्या मुकादमाची उचल शेजारी-शेजारी असू शकतात. त्यांचा वयवार तपशील नसेल तर ती रक्कम शून्य धरून गुणोत्तर काढावे. कडक वाटेल, पण सभासदाच्या सोयीचे तेच आहे. लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांमध्ये साखरसाठ्याची प्रत्यक्ष मोजणी झाली का आणि मूल्यांकन कोणत्या दराने केले, हे पाहावे. गोदामात नसलेल्या साखरेने करंट रेशो कितीही वाढवता येतो.

वार्षिक सभा बहुधा सप्टेंबरात होते, अहवाल काही दिवस आधी मिळतो. मंडपात भाषणे लांबतात आणि ताळेबंद 'मंजूर, मंजूर' म्हणत मिनिटभरात संपतो. त्याआधी चार प्रश्न लेखी पाठवावेत: ३१ मार्चला तारण साखर किती क्विंटल होती आणि तिच्यावर क्विंटलमागे कर्ज किती, टॅगिंग किती कापले जाते, तीन वर्षांपेक्षा जुन्या उचली किती, आणि आज, सभेच्या दिवशी, ऊसबिलांची थकबाकी किती. या चार उत्तरांवरून घरी बसून दोन्ही गुणोत्तरे काढता येतात, आणि छापलेल्या आकड्यांपेक्षा ती खरी असतात.